सात डब्यांचे साडेचार डबे

तीस वर्षं मी पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत अंकगणित शिकवलं. त्रैराशिक, व्याज, काळ-काम-वेग, आणि माझं सगळ्यांत लाडकं प्रकरण म्हणजे मिश्रण. दुधात पाणी किती, गव्हात जव किती. मुली रडायच्या, पण माझ्या हाताखालून गेलेल्या मुलीला मिश्रणाचं गणित चुकत नसे. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकी कशी उतरली तेच पुढे सांगायचं आहे.

नोकरी संपल्यावर मी लोणावळ्याला घर बांधायचं ठरवलं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षीच गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि आयुष्यभर शाळेच्या घंटा आणि वसतिगृहातला कलकलाट ऐकून कान किटले होते. मला शांतता हवी होती. ती मिळाली, आणि नको इतकी मिळाली. माझी जागा गावापासून लांब, डोंगराच्या बाजूला. हंगाम सोडला तर शेजारचे बंगले बंद. दूधवाला दूध ओतून जायचा, पोस्टमन माझ्या दारावरून सायकल न थांबवता पुढे जायचा. दिवसभरात तोंडातून शब्द बाहेर पडला नाही हे मला कधी कधी संध्याकाळी, खोकताना, कळायचं.

बांधकाम चालू होतं तोवर मात्र माणसं होती. मी शेजारच्या बंद बंगल्याच्या आवारातली, बागेच्या माळ्याची खोली भाड्याने घेऊन राहिले होते. माझा कंत्राटदार तळेगावजवळच्या वराळ्याचा. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, स्वतः गवंडीकाम करत करत कंत्राटं घेऊ लागलेला. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला बाई. रोज संध्याकाळी माणसं सुटली की तो हातपाय धुऊन यायचा, दगडांच्या ढिगावर बसायचा आणि दिवसभरात काय झालं ते सांगायचा. मी चहा करायचे. काम सांगून झालं की मग त्याची म्हैस, सुनेचं माहेर, इंद्रायणीची वाळू बारीक का आणि पवनेची जाड का, असं काहीबाही. मी ऐकायचे आणि मधे मधे त्याचं बोलणं दुरुस्त करायचे. तो म्हणायचा, "आमी अडानी मान्सं बाई, तुमी म्हनाल तसं." आणि पुन्हा तसंच बोलायचा.

घर तीन खोल्यांचं. भिंती दगडाच्या, चुन्यातल्या. पण छप्पर मी कौलांचं करू दिलं नाही, कारण लोणावळ्याची माकडं कौलं फोडतात आणि दर पावसाळ्यापूर्वी ती फिरवायला माणूस शोधत बसायचं माझं वय नव्हतं. तेव्हा नव्याने निघालेलं काँक्रीटचं सपाट छत घालायचं ठरलं. नकाशा पुण्याच्या एका इंजिनियरने निळ्या कागदावर काढून दिला होता. मजुरी ठरलेली, आणि सिमेंट कंत्राटदाराने आणायचं, जितकी पोती लागतील तितक्यांचे पैसे मी द्यायचे.

छत ओतून झालं, पक्कं व्हावं म्हणून त्यावर मातीच्या वरंब्यांत पाणी भरून ठेवलं, खालच्या आधाराच्या फळ्या निघाल्या. आणि भाऊंनी बिल दिलं. पंचावन्न पोती.

मला काही संशय नव्हता. उगाच सांगत नाही. फळ्या निघाल्या तशी बहुतेक माणसंही निघून गेली होती, आणि सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न होता. मी नकाशा पाटावर पसरला आणि हिशेब मांडला, दुसरं कुणी भरतकाम घेऊन बसावं तसा.

हिशेब सोपा होता. छत तीस फूट लांब, वीस फूट रुंद, जाडी पाच इंच. म्हणजे सहाशे चौरस फुटांना पाच बाराव्या भागाने गुणायचं. अडीचशे घनफूट. दारं-खिडक्यांवरच्या पट्ट्या, सज्जे आणि दोन तुळया एकेक करून मोजल्या, त्यांचे बरोबर पन्नास घनफूट झाले. एकूण तीनशे. भिंतींत, गिलाव्यात चुना होता, फरशी शहाबादी, तेव्हा सिमेंट गेलं असेल तर या तीनशे घनफुटांतच गेलं असणार. नकाशाच्या कोपऱ्यात मिश्रण लिहिलेलं होतं: एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. पोत्यात सिमेंट किती? कामावर मापाचा लाकडी खोका होता, त्यात एक पोतं काठोकाठ बसायचं. तो मी मोजला. फूट बाय फूट, उंची सव्वा फूट. म्हणजे एका पोत्याचं सव्वा घनफूट.

आणि मग आलं माझं लाडकं प्रकरण. एक अधिक दोन अधिक चार, सात. सातांतला एक भाग सिमेंट. तीनशे भागिले सात, बेचाळीस घनफूट आणि वर थोडं. त्याला सव्वाने भागलं. चौतीस पोती.

पंचावन्न आणि चौतीस. एकवीस पोत्यांचा फरक.

मी पुन्हा मांडलं. पुन्हा चौतीस. अकरा दिवस मी रोज सकाळी तो हिशेब वेगळ्या कागदावर नव्याने मांडत होते, आणि भाऊ रोज संध्याकाळी येत होते, कारण सज्ज्यांचं किरकोळ काम उरलं होतं. मी चहा देत होते. म्हशीबद्दल ऐकत होते. आणि मनात म्हणत होते, काय बेमालूम बोलतो हा माणूस. आज लिहितानाही माझी मला चीड येते.

बाराव्या दिवशी मी त्यांच्यापुढे कागद ठेवला.

"भाऊ, चौतीस पोती लागायला हवीत. तुम्ही पंचावन्न लावलीत."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "पंचावन्नच गेली बाई. समदी छतात हायती."

"कशावरून?"

"ब्रासला सतरा-अठरा पोती लागत्यातच, वर सांडलवंड. तुमचं तीन ब्रास. घ्या मोजून." शंभर घनफुटांना बांधकामावर ब्रास म्हणतात.

"लागतात म्हणजे का लागतात?"

त्यांनी जरा विचार केला. "लागत्यात म्हनून लागत्यात."

हे उत्तर मी तीस वर्षं कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलीला मी शून्य द्यायचे. मी म्हटलं, "तुम्ही मला बाईमाणूस बघून फसवलंत. एकवीस पोत्यांचे पैसे मी देणार नाही." आवाज चढला होता. सुतार रंधा थांबवून बघत होता, त्याच्यासमोर मी हे बोलले. भाऊंनी कागद पाटावर ठेवला, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एक खडा ठेवला, आणि चहा न घेता गेले. उरलेल्या कामाला त्यांनी दुसऱ्या माणसाला पाठवलं.

आता गंमत ऐका. शेजारच्या बंगल्यांपैकी एक होता एका निवृत्त मामलेदारांचा. ते त्याच महिन्यात कायमचे राहायला आले. त्यांना नवं बाहेरघर बांधायचं होतं आणि त्याचं काम भाऊंना देण्याचं बोलणं झालं होतं. मला कुणीतरी बोलायला हवंच होतं. मी त्यांना कागद दाखवला. मामलेदारांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कलेक्टर कचेरीत हव्या होतात." काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्यालाही माझाच कागद दाखवून धमकावलं.

तिथून माझे दिवस फिरले. मामलेदारांनी खंडाळ्याच्या एका सॉलिसिटरना सांगितलं, त्यांनी आणखी दोघांना. त्या वर्षी लोणावळ्याला जो तो काँक्रीट घालत होता, आणि जो तो कंत्राटदारावर डाफरत होता. माझ्या दारी टांगे थांबायला लागले. "मास्तरीणबाई आहेत का?" निळे नकाशे माझ्या पाटावर उलगडले जायचे. मी लांबी, रुंदी, जाडी विचारायचे, साताने भागायचे, सव्वाने भागायचे, आणि आकडा सांगायचे. मालकाचं तोंड लाल व्हायचं. मग त्यांच्या घरी चहा, एकादशीचा फराळ, सुनेच्या डोहाळजेवणाचं बोलावणं. मामलेदारांच्या पत्नी तर मला दर रविवारी जेवायला बोलवायच्या. नवीन लुगडं घेतलं मी. खरंच सांगते, सुख वाटत होतं. शाळेत तीस वर्षं माझ्या गणिताला मुली घाबरल्या, इथे पहिल्यांदा लोक ते गणित मागायला येत होते.

चार घरांचे हिशेब मी तपासले. चारही कंत्राटदार चोर निघाले. आणि चौघांनीही जवळजवळ दीडपटच पोती लावलेली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. अगदी नीट लक्षात आलं होतं. मी मामलेदारांना म्हटलंसुद्धा, "बघा, यांचं आपसात संगनमत आहे. सगळे एकाच मापाने खातात." चार वेगवेगळ्या मुलींच्या वहीत एकसारखी चूक दिसली तर चूक फळ्यावर आहे असं मी शाळेत ओळखायचे. पण फळ्यापुढे उभी असायची ती मीच, हे कसं विसरले कोण जाणे.

सॉलिसिटरांच्या बंगल्याचं काम चालू होतं. ते मुंबईला असत, म्हणून त्यांनी मला सांगितलं की मधून मधून जाऊन पोत्यांवर नजर ठेवा. मी गेले. कान्हे गावचा एक म्हातारा गवंडी तिथे होता, सगळे त्याला आबा म्हणत. मी ऐटीत विचारलं, "आबा, आज ब्रासला किती पोती घालताय?"

"सतरा-अठरा."

"अकरा-बारा पुरे होतात. नकाशावरून हिशेब केलाय मी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. "तुमीच व्हय त्या मास्तरीन," म्हणाले. "बसा हितं सावलीला. मोजून दावू का?"

त्यांनी एक तेलाचा रिकामा डबा घेतला. चार डबे खडी काठोकाठ मोजून पत्र्यावर ओतली. त्यावर दोन डबे वाळू. त्यावर एक डबा सिमेंट. "किती झालं बाई?"

"सात."

"सात." त्यांनी फावड्याने ते कोरडंच तीनदा पालथं घातलं, मग पाणी शिंपडून कालवलं. "आता ह्योच डबा भरा. दाबून भरा, छतात जसं दाबत्यात तसं."

मी पदर खोचला आणि भरायला बसले. एक डबा भरून रिकामा केला, दुसरा केला. तिसरा. चौथा. पाचवा अर्धा झाला आणि पत्रा मोकळा.  बाजूला काही सांडलंय का म्हणून खाली वाकून पाहिलं.

"सांडलं न्हाई," आबा म्हणाले. "वाळू खडीच्या फटीत गेली. सिमिट वाळूच्या फटीत गेलं. खडी हाय ती, दूध न्हाई."

दूध न्हाई. म्हाताऱ्याला माझ्या मिश्रणाच्या प्रकरणाची काही कल्पना नव्हती, तो सहज बोलला. मला मात्र कुणी सगळ्या वर्गासमोर उभं केल्यासारखं झालं. दुधात पाणी घातलं की दोन शेर आणि एक शेर मिळून तीन शेर होतात. खडीत वाळू घातली की होत नाहीत. सात डबे कोरडा माल घालावा तेव्हा साडेचार डबे काँक्रीट मिळतं. म्हणजे तीनशे घनफूट छतासाठी माल घ्यायचा तो तीनशेचा नव्हे, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, साडेचारशेच्या वर. त्याचा सातवा भाग सहासष्ट घनफूट. सव्वाने भागा. त्रेपन्न पोती. थोडं सांडलं, थोडं खोक्याला चिकटलं, थोडं जुन्या-नव्या काँक्रीटच्या जोडावर पातळ करून ओतलं, हे धरलं की पंचावन्न. माझ्या डोक्यात हे सगळं तिथल्या तिथे, पदराला सिमेंट लागलेल्या अवस्थेत, झालं. इतकी वर्षं गणित शिकवलेलं त्यासाठी तरी उपयोगी पडलं.

आणि आता खरी लाज सांगते. मी घरी गेले आणि कुणालाही काही बोलले नाही. एक रविवार गेला. मामलेदारांकडे पुरणपोळी होती. मी जेवले. त्यांच्या पत्नीने आग्रहाने तूप वाढलं, मी वाढू दिलं. मामलेदार म्हणाले, "बाहेरघराच्या कंत्राटदाराचे पैसे अडवून ठेवलेत मी, तुमच्या हिशेबाप्रमाणे." मी मान हलवली. मला ते घर सोडवत नव्हतं. तिथलं पान, तिथला पाट, मी आत आले की "या, या" म्हणणारा आवाज. चूक कबूल केली की हे सगळं जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसरा रविवारही तसाच गेला. तिसऱ्या रविवारी तूप पुढे आलं तेव्हा मी पानावर हात आडवा धरला आणि तिथेच, पाटावरून उठायच्या आधी, सगळं सांगितलं.

मामलेदार हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "म्हणजे मी त्याला चोर म्हणालो ते चुकलं म्हणा." मग आत निघून गेले. त्यांच्या पत्नीने सुपारी पुढे केली, पण पुढच्या रविवारचं काही बोलल्या नाहीत. बाकीच्या तिघांना मी एकेक पत्र टाकलं, बरोबर रीत लिहून. एका पत्राचंही उत्तर आलं नाही. नव्या रीतीने मी त्या चौघांचे नकाशे पुन्हा तपासले तेव्हा तिघांची बिलं अगदी रास्त निघाली. चौथं मात्र खरंच जास्त होतं. मालकाने मला जाडी पाच इंच सांगितली होती, पण नकाशात छत चार इंचांचं होतं आणि पोती पाच इंचांच्या हिशेबाने लावली होती. मी त्या घरी स्वतः गेले, पायी गेले. मालकाने फाटकातूनच सांगितलं, "राहू द्या बाई आता." चुकीच्या हिशेबाला टांगे येत होते, बरोबर हिशेबाला फाटकही उघडत नव्हतं.

मग राहिलं एकच काम, आणि ते मी सर्वांत शेवटी ठेवलं होतं यावरूनच मी किती भित्री ते कळेल. एकवीस पोत्यांचे पैसे रुमालात बांधून मी सकाळच्या गाडीने तळेगावला उतरले आणि वराळ्याला चालत गेले.

भाऊ एका गोठ्याची भिंत बांधत होते. कंत्राट नव्हतं ते. दुसऱ्याच्या हाताखाली, रोजावर. लोणावळ्यात माझा कागद फिरल्यावर तिथली दोन कामं त्यांच्या हातून गेली होती, आणि कंत्राटदार म्हणून नाव एकदा खराब झालं की कामाला कोण बोलावतो. मला बघून त्यांनी थापी खाली ठेवली आणि हात पुसले.

मी उभ्या उभ्या सांगितलं. आबांनी मोजून दाखवलेले सात डबे, साडेचार डबे, त्रेपन्न पोती, सांडलवंड धरून पंचावन्न. चूक माझी. पैसे हे. ज्यांना ज्यांना तुमच्याबद्दल बोलले त्या सगळ्यांना खरं सांगितलंय. 

त्यांनी रुमाल घेतला. मोजला नाही. बाजूच्या गवंड्याला एवढंच म्हणाले, "पंचावन्नच निघालं बघ." मग रुमाल कमरेला खोचला.

"म्या तवा सांगू शकलो न्हाई का लागत्यात ते," म्हणाले. "आबानं दावलं तसं मलाबी दावता आलं असतं. डबा तितंच हुता. सुचलंच न्हाई. तुमी चोर म्हनालात, मग काई सुचलंच न्हाई."

मी म्हटलं, "मी अकरा दिवस तोच हिशेब करत होते भाऊ. पुन्हा पुन्हा तपासला."

"अकरा दिस?"

"हो."

ते माझ्याकडे बघू लागले. राग नव्हता, खरं तर राग असता तर बरं झालं असतं. "मी रोज येत हुतो की बाई," ते म्हणाले. "अकराबी दिस. च्या पीत हुतो तुमच्यासमोर. एक डाव पुसायचं हुतं."

  निघताना मी म्हटलं, लोणावळ्याकडे आलात तर चहाला या. "व्हय, येईन की," ते म्हणाले आणि थापी उचलली. मी तळेगाव स्टेशनपर्यंत चालत आले. गाडी यायला तास होता. फलाटावर एक बाई शेजारी येऊन बसली आणि विचारलं, कुठं निघालात? घरी, म्हटलं. कोण कोण असतं घरी, तिने विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही.

भाऊ आले नाहीत. वाट बरेच महिने पाहिली, रोज संध्याकाळी, दोन माणसांचा चहा टाकून.